बाळाचा डॉक्टर: माहेरचा, सासरचा की जिल्ह्याचा?

पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि तिसरा महिना सरला की बाळ सासरी जातं. ही रीत आपल्याकडे इतकी अंगवळणी पडली आहे की बाळासाठी डॉक्टर शोधताना तिचा हिशेब कुणी करत नाही. माहेरी एक डॉक्टर, सासरी दुसरा, मध्ये कुठे भरती झाली असेल तर तिसरा, आणि कागद निम्मे आजीच्या घरच्या कपाटात. आशाताईंबरोबर काम करताना हे माझ्या नेहमी पाहण्यात येतं. माझं मत असं की ‘सगळ्यात चांगला डॉक्टर कोण’ हा प्रश्न आधी बाजूला ठेवावा. कोणत्या कामाला कोणाकडे जायचं ते ठरवावं, आणि बाळाची सगळी हकीकत आईच्या पिशवीत राहील अशी सोय करावी.

नमुन्यादाखल एक बाळ धरून चालू. आईचं माहेर घाटंजी तालुक्यात, सासर वणी तालुक्यात. बाळ १० जूनला यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जन्मलं, तेही ३३व्या आठवड्यात, वजन १९०० ग्रॅम. १६ दिवस बाळ काचेत होतं. २६ जूनला सुटी झाली तेव्हा वजन १९६० ग्रॅम. आता आजीच्या घरी आहे आणि पोळा झाला की वणीकडे जाणार आहे.

कोण कशाला उपयोगी

गावाजवळचा नेहमीचा डॉक्टर, बहुतेक बीएएमएस किंवा बीएचएमएस, हा सगळ्यांचा पहिला आधार असतो. रात्री दार उघडतो, उधारी ठेवतो, घरातल्या तीन पिढ्या ओळखतो. मोठ्या माणसाच्या सर्दीतापासाठी तो ठीक आहे. पण दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, तर तिथे औषध घेऊन वाट पाहण्यात वेळ घालवू नये. इतक्या लहान बाळात साधा ताप आणि रक्तातला जंतुसंसर्ग बाहेरून सारखाच दिसतो, आणि तो फरक करायला तपासणी लागते. या डॉक्टरची परीक्षा एकाच गोष्टीत होते: “हे माझ्या आवाक्यातलं नाही, आत्ताच घेऊन जा” असं तो म्हणतो का? जो म्हणतो, त्याचा नंबर जपून ठेवा.

तालुक्याच्या गावातला खाजगी बालरोगतज्ज्ञ हा दुसरा पर्याय. इथे पाटी नीट वाचा. एमडी (बालरोग), डीएनबी (बालरोग) किंवा डीसीएच ही एमबीबीएसनंतरची बालरोगाची पदवी किंवा पदविका. आयुर्वेदातही कौमारभृत्य या विषयात एमडी असते आणि त्या पाटीवरही ‘बालरोगतज्ज्ञ’ लिहिलेलं दिसतं. ते शिक्षण खरंच आहे, फक्त वेगळं आहे. काचेतून आलेल्या बाळासाठी मी एमबीबीएसनंतर बालरोग शिकलेला डॉक्टरच निवडीन. पाटी वाचून झाली की दुसरं विचारा: डॉक्टर रोज असतात की आठवड्यातून एकदोनदा येतात? आणि रात्री ते याच गावात राहतात का? तालुक्याला दवाखाना आणि जिल्ह्याला बिऱ्हाड असं पुष्कळदा असतं. संध्याकाळी सहानंतर तो दवाखाना म्हणजे कुलूप आणि एक कंपाउंडर. दिवसाची तपासणी कितीही चांगली असो, रात्रीसाठी दुसरी सोय बघावी लागणार हे आधीच कळलेलं बरं.

सरकारी व्यवस्थेला लोक एका शब्दात ‘सरकारी’ म्हणून मोकळे होतात, पण तिच्यात पायऱ्या आहेत. उपकेंद्रावर सिस्टर म्हणजे एएनएम असते, प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी, त्यावर ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्ह्याचं रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय. प्राथमिक आरोग्य केंद्रात बालरोगतज्ज्ञ नसतो, आणि ग्रामीण रुग्णालयात आहे का ते जाऊन विचारावं लागतं, कारण जागा मंजूर असणं आणि डॉक्टर हजर असणं यात फरक असतो. लसीकरण, वजन आणि आशाताईंच्या घरभेटी या तीन गोष्टींत मात्र सरकारी व्यवस्थेला खाजगी दवाखाना पुरा पडू शकत नाही. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येते. आपल्या बाळासारखं बाळ काचेत असेल तर या भेटी सुटी झाल्यापासून धरायच्या. घरी येऊन नवजात बाळ बघायची ही पद्धत आपल्याच गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या कामातून उभी राहिली आणि पुढे देशभर गेली. विदर्भातल्या आईने तरी ती भेट वाया घालवू नये.

चौथा पर्याय जिल्ह्याच्या ठिकाणचं मोठं बाल रुग्णालय, सरकारी किंवा खाजगी. व्हेंटिलेटर, काचेची पेटी, रक्त तपासणी, चोवीस तास डॉक्टर हे सगळं तिथे मिळतं. सर्दीखोकल्याला तिथे जाणं म्हणजे दिवसाची मजुरी, गाडीभाडं आणि वेटिंग हॉलमध्ये दहा खोकणाऱ्या मुलांच्या मध्ये आपलं लहान बाळ. पण त्या दवाखान्याचं नाव, रस्ता आणि दाखल होण्याची पद्धत आधीच माहीत हवी. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला बाळ बरं असताना विचारून ठेवा. सरकारी दवाखान्यात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचा उपचार आणि ने-आण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत असते. तातडीला १०८ लावायचा.

जिल्हा म्हणजे आपलाच जिल्हा असंही समजू नका. वणीहून यवतमाळ शंभर किलोमीटरच्या वर पडतं, चंद्रपूर साधारण त्याच्या निम्म्यावर. आपल्या उदाहरणातल्या बाळाच्या फायलीवर यवतमाळ लिहिलेलं आहे म्हणून सासरहून रात्री दोन वाजता यवतमाळ गाठायचं काही कारण नाही. रस्त्याचंही बघा. पावसाळ्यात नाल्यावरून पाणी गेलं की अर्धा दिवस वाट बंद होते अशी गावं कमी नाहीत. जुलैतला जवळचा दवाखाना आणि जानेवारीतला जवळचा दवाखाना हे एकच असतील असं नाही.

मग निवड काय? बाळ पूर्ण दिवसांचं आणि अडीच किलोच्या वर असेल तर माझा सल्ला असा: लस आणि वजन गावच्या सत्रात, आजारपणाला तालुक्यात राहणारा बालरोगतज्ज्ञ, आणि जिल्ह्याचा दवाखाना फक्त ठाऊक असलेला. आपल्या उदाहरणातल्या बाळाचं वेगळं आहे. ते ज्या रुग्णालयातून सुटलं तिथेच पहिले दोन-तीन महिने पुन्हा दाखवायला न्यायचं, कारण काचेत काय काय झालं ते त्यांना माहीत आहे. किरकोळ तक्रारीला घाटंजीत कोण बालरोगतज्ज्ञ आहे ते पाहायचं, आणि वणीतला डॉक्टर बाळ तिकडे जायच्या आधी ठरवायचा. बाळाचे बाबा सासरीच असतात. “तुम्ही एकदा जाऊन वेळ, फी, रात्रीचं काय ते विचारून या” एवढं काम त्यांच्याकडे द्यावं.

पहिल्या भेटीत डॉक्टरचं काय बघायचं

गर्दी बघून डॉक्टर निवडू नका. बाजाराच्या दिवशी सगळेच दवाखाने भरलेले असतात.

वजन कसं घेतात ते बघा. बाळाचे कपडे काढून, काटा शून्यावर आणून घेतलं की कपड्यांसकट अंदाजाने? खोकल्याचं बाळ असेल तर छाती उघडी करून श्वास मोजले का? बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, आणि दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त श्वास म्हणजे श्वास जलद आहे. हे घरीही मोजता येतं. औषध लिहिताना वजन विचारात घेतलं का, आणि “हे हे दिसलं तर थांबू नका, परत या” असं सांगितलं का, तेही बघा. हे शेवटचं सांगणारा डॉक्टर मला फार मोलाचा वाटतो.

आपल्याकडे सुई लावली की दवाखान्याचे पैसे वसूल झाले अशी समजूत आहे आणि डॉक्टरवरही तो दबाव असतो. सर्दीतापाच्या प्रत्येक बाळाला सुई टोचणाऱ्या डॉक्टरपेक्षा “याला सुईची गरज नाही” असं समजावणारा बरा. लेबल नसलेल्या बाटलीत ओतून दिलेलं औषध किंवा कागदात बांधलेली पूड बाळासाठी घेऊच नका, मग देणारा कितीही ओळखीचा असो. २०२५ साली सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या छिंदवाड्यात खोकल्याच्या दूषित औषधाने मुलं दगावली. त्यांतली बरीच उपचाराला नागपुरात आणली होती. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दीखोकल्याची औषधं देऊ नयेत अशी सूचना काढली. त्या घटनेत बाटलीवरचं नाव आणि बॅच नंबर यांवरून औषधाचा माग लागला. लेबल नसतं तर कशाचा माग काढणार होते?

लस: सत्रात की खाजगीत

खाजगीत लस महाग मिळते म्हणून ती जास्त चांगली, असं नाही. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना सरकारी सत्रात पोलिओ, पेंटा आणि रोटा मिळतात, सहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला त्यांच्याबरोबर न्यूमोनियाची पीसीव्ही आणि पोलिओची सुई. खाजगीतली ‘न दुखणारी’ लस ताप कमी आणते हे खरं, पण डांग्या खोकल्यापासून पेंटा देते ते संरक्षण तिच्यापेक्षा कमी नाही. मजुरीवर चालणाऱ्या घराने त्यापायी कर्ज काढू नये. फ्लू, टायफॉइड, कांजिण्या अशा सत्रात न मिळणाऱ्या लसींबद्दल बालरोगतज्ज्ञाला जरूर विचारा आणि पैसे असतील तर त्यांवर खर्च करा.

खाजगीत घ्यायचीच असेल तर लाइट गेल्यावर लसीच्या फ्रिजचं काय करता हे विचारायला लाजू नका. सत्रातही एक गोष्ट डोळ्यांनी तपासता येते. पोलिओ किंवा पेंटाच्या कुपीवर एक छोटं गोल चिन्ह असतं, त्याच्या मधोमध चौकोन. चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर लस वापरण्याजोगी आहे. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन गडद झाला तर त्या लसीला उष्णता लागली आहे, ती टोचायची नाही. “सिस्टर, कुपी दाखवता का जी?” असं विचारलं तर चांगली सिस्टर कौतुकानेच दाखवते. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची लस पाण्यात कालवल्यानंतर चार तासांच्या आत संपवावी लागते, म्हणून सत्राला सकाळीच जावं.

कमी दिवसांच्या बाळाची लस पुढे ढकलायची नसते. आजी म्हणते, “लेकरू अजून बारीक आहे, वजन भरू दे.” पण लसीची तारीख जन्मतारखेपासूनच मोजतात. आपल्या बाळाच्या तारखा २२ जुलै, १९ ऑगस्ट आणि १६ सप्टेंबर अशा येतात. पहिल्या दोन माहेरी, तिसरी सासरी. नेमकी ही तिसरीच चुकते.

नोंद कशात ठेवायची

तीन सोयी आहेत आणि तिन्हींची कामं वेगळी आहेत. माता-बाल संरक्षण कार्ड सगळ्या सरकारी ठिकाणी चालतं. त्यात लसीच्या तारखा, वजनाचा आलेख आणि आईबाळाच्या सरकारी नोंदणीचा आरसीएच क्रमांक असतो. पण आजारपण आणि औषधं लिहायला त्यात जागा नाही. दवाखान्याची फाईल सविस्तर असते, पण तिची घडी आणि अक्षर त्याच दवाखान्याला कळतं, आणि काही ठिकाणी ती तिथेच ठेवून घेतात. मोबाईलमधले फोटो हरवत नाहीत असं वाटतं, पण फोन बाबांच्या खिशात आणि बाबा शेतात, की उपयोग संपला.

म्हणून शंभर पानी वही घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत कार्डाबरोबर ठेवा, आणि प्रत्येक कागदाचा फोटो आई, बाबा दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. सुटीच्या कार्डाचा फोटो आधी काढा. यंत्रावर छापलेला पातळ कागद उन्हात-दमटीत काही महिन्यांत पांढरा पडतो.

वहीच्या पहिल्या पानावर बदलत नाही ते लिहायचं: जन्मतारीख आणि वेळ, किती आठवड्यांचं, जन्माचं वजन, लगेच रडलं का, काचेत किती दिवस आणि कशासाठी, ऑक्सिजन लागला का, आईचा आणि बाळाचा रक्तगट, आरसीएच क्रमांक, यू-विन या सरकारच्या ऑनलाइन लसनोंदणीत बाळाची नोंद कोणाच्या मोबाईल नंबरवर आहे. रुग्णालयाच्या कागदांवर बाळाचं नाव नसतं, ‘अमुकचं बाळ’ असं आईच्या नावाने लिहिलेलं असतं, त्यातही कधी माहेरचं आडनाव, कधी सासरचं. कोणत्या कागदावर कोणतं नाव आहे ते पहिल्याच पानावर टिपून ठेवलं की पुढे खिडकीवर वाद होत नाही.

त्याच पानावर सिकलसेल. पूर्व विदर्भात आणि यवतमाळ, अमरावतीच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार बराच आहे. गरोदरपणात आईची तपासणी झालेली असते, वडिलांची राहून जाते. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक. साधी सोल्युबिलिटी तपासणी सहा महिन्यांच्या आत भरवशाची नसते, कारण बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन अजून पुष्कळ असतं. त्यासाठी एचपीएलसी तपासणी लागते. आजार लवकर कळला तर पेनिसिलिन वेळेवर सुरू होतं. “बाबांची तपासणी झाली का?” हे स्वतःहून विचारणारा डॉक्टर या भागातल्या आजारांना ओळखतो असं समजा.

वजनाचं पान मात्र बदलतं राहतं. आपल्या बाळाचं असं दिसतं:

| तारीख | वजन (ग्रॅम) | कोणत्या काट्यावर | शेरा |
|---|---|---|---|
| १० जून | १९०० | रुग्णालय | जन्म |
| २६ जून | १९६० | रुग्णालय | सुटी |
| ८ जुलै | २२६० | आशाताई | १२ दिवसांत ३०० वाढलं |
| २२ जुलै | २३०० | आरोग्य केंद्र | १४ दिवसांत फक्त ४० |
| २३ जुलै | २३१० | आशाताई | काटा बदलल्याने नाही, खरंच अडलं |
| ३१ जुलै | २५२० | आशाताई | ८ दिवसांत २१० |

तिसरा रकाना बहुतेक वह्यांत नसतो, आणि तोच इथे कामाला आला. पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढतं. ८ जुलैपर्यंत ते दिवसाला २५ ग्रॅमने वाढत होतं. २२ जुलैला १४ दिवसांत ३५० च्या आसपास वाढायला हवं होतं, वाढलं ४०. दोन काट्यांत पन्नास-शंभर ग्रॅमचा फरक असू शकतो, म्हणून आधी घाबरायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आशाताईच्या काट्यावर, उघडं करून, वजन केलं. २३१०. म्हणजे फरक काट्याचा नव्हता. आता डॉक्टरकडे जायचं.

काय विचारायचं, आधी काय सांगायचं

“लेकरू बरोबर पीत नाही” एवढं सांगितलं तर डॉक्टर अंदाज बांधतो. त्याऐवजी आदल्या चोवीस तासांची नोंद न्यायची: किती वेळा पाजलं, रात्री किती वाजता झोपलं आणि कधी उठलं, सू किती वेळा, शी किती वेळा आणि कशी. आपल्या बाळाच्या नोंदीत आलं की रात्री अकराला पाजल्यावर ते पहाटे पाचपर्यंत झोपतं, दिवसभरात सू फक्त चार वेळा, आणि मध्ये आजी घुटी चाटवते. घरचे खूश होते, बाळ शांत आहे म्हणून. पण कमी दिवसांचं बाळ भुकेने रडायलाही थकतं, ते झोपून राहतं. पहिल्या आठवड्यानंतर दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा सू व्हायला हवी. चार वेळा म्हणजे दूध कमी पडतंय.

हे आकडे समोर असल्यावर डॉक्टरला वेळ लागला नाही. दर दोन ते अडीच तासांनी उठवून पाजायचं, रात्रीसुद्धा. पाजल्यावर आईने दूध काढून ते वाटी-चमच्याने द्यायचं. घुटी, पाणी, ग्राईप वॉटर बंद. बाटली नको. छातीशी कांगारूसारखं उघड्या अंगाने धरणं दिवसात जास्त वेळ. आठवड्याने पुन्हा वजन. ३१ जुलैच्या आकड्यात त्याचा परिणाम दिसतो.

प्रश्न तीनच न्यायचे आणि सगळ्यात मोठी काळजी पहिली बोलायची. दारातून निघताना “आणि हो डॉक्टरसाहेब, श्वास कसातरी घेते” असं सांगणारे आईबाप मी पाहिले आहेत. श्वास, झटका, विचित्र हालचाल यांचा मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून न्या. दवाखान्यात गेल्यावर ते हटकून थांबतं. बाळ दोन आठवड्यांनंतरही पिवळं असेल आणि शी पांढुरकी, मातकट दिसत असेल तर त्या शीचा फोटो काढा आणि त्याच दिवशी दाखवा. यकृताच्या नळीचा एक आजार असतो, त्यात ऑपरेशन दोन महिन्यांच्या आत झालं तर फायदा जास्त होतो.

काचेतून सुटी होताना विचारायचे प्रश्न वेगळे आणि ते विसरू नयेत. पहिला, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी कधी आणि कुठे? ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोच्या आत जन्मलेल्या बाळाला ती ३० दिवसांचं होईपर्यंत करावी लागते. आपल्या बाळाला १० जुलैच्या आत. बाहेरून डोळे अगदी ठणठणीत दिसतात, पण पडदा आतून बिघडत असतो, आणि वेळ गेली की नजर परत येत नाही. दुसरा, कानांची तपासणी झाली का? तिसरा, व्हिटॅमिन डी आणि लोहाचे थेंब कधीपासून, किती मिली, किती दिवस? चौथा, बीसीजी दिली की राहिली? उत्तरं तिथेच वहीत लिहून घ्या, सिस्टरला म्हणा, “जरा तुमच्या हाताने तारीख लिहून द्या जी.”

नंतरच्या भेटींत वाढ बघताना बाळाचं वय दुरुस्त करून मोजायचं असतं. आपलं बाळ सात आठवडे लवकर आलं, म्हणून हसणं, मान धरणं, बसणं बघताना दोन वर्षांपर्यंत सात आठवडे वजा करायचे. शेजारच्या बाळाशी तुलना करणाऱ्यांना हेच उत्तर द्या. नव्या डॉक्टरलाही ते सांगावं लागतं, कारण त्याच्यासमोर तीन महिन्यांचं म्हणून बाळ येतं.

औषधाचं पान

इथे एकच गोष्ट, पण जिवावर बेतणारी. तापाच्या पॅरासिटामॉलचे थेंब बहुतेक एका मिलीत १०० मिलिग्रॅमचे असतात आणि नेहमीचं पातळ औषध पाच मिलीत १२५ चं, म्हणजे एका मिलीत २५. तेच औषध, चौपट फरक. माहेरी थेंब होते, सासरी पातळ औषधाची बाटली आहे, आणि आई म्हणते, “डॉक्टरांनी पाऊण मिली सांगितलं होतं.” कशाचं पाऊण मिली? उलट झालं, बाटलीचं माप थेंबांना लावलं, तर डोस चौपट होतो. म्हणून वहीत औषधाचं नाव, बाटलीवर छापलेली ताकद, किती मिली, त्या दिवशी बाळाचं वजन किती, आणि कधी सुरू, कधी बंद, एवढं लिहा. बाटलीचा लेबलासकट फोटो काढा, बॅच नंबर दिसेल असा. वजन वाढलं की डोस बदलतो, जुन्या चिठ्ठीवरून पुन्हा औषध आणायचं नाही. औषधाने अंगावर पुरळ आलं तर ते नाव पहिल्या पानावर लाल शाईने.

बाळ सासरी निघतं तेव्हा

निघायच्या आठवड्याभर आधी माहेरच्या सिस्टरकडून कार्डावर शेवटची लस आणि वजन भरून घ्या आणि आरसीएच क्रमांक वाचता येतो का बघा. त्या क्रमांकावरून सासरची सिस्टर नोंद शोधू शकते. यू-विनवर आशाताईचा किंवा मामाचा नंबर असेल तर कोणता ते लिहून घ्या. सासरच्या आशाताईला बाबांनी आधीच सांगून ठेवावं, “बाळ पोळ्यानंतर येतंय, १६ सप्टेंबरला चौदा आठवड्यांची लस आहे.” ती तिच्या यादीत नाव घालते आणि पुढच्या घरभेटी तीच करते.

सासरी पोचल्यावर पहिल्या पंधरवड्यात, बाळ बरं असतानाच, वणीच्या डॉक्टरकडे एक फेरी करा. वही पुढे ठेवा आणि पहिलं पान त्यांना वाचू द्या. तिथल्या काट्यावर आणि सासरच्या आशाताईच्या काट्यावर एकाच दिवशी वजन करून दोन्ही आकडे शेजारी लिहा, म्हणजे पुढच्या महिन्यात वजन अडलं असं वाटलं तर काट्याचा फरक किती धरायचा ते कळेल. निघताना विचारा, “रात्री काही झालं तर फोन कोणत्या नंबरवर करू, आणि तुम्ही नसाल तर बाळाला चंद्रपूरला नेमकं कुठे नेऊ?” उत्तर वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहा, आणि ते पान सासूबाईंनाही दाखवून ठेवा.